शिलकीचा रकाना

मार्च संपला की आमच्या ऑफिसात बँक स्टेटमेंटच्या फाइलींची रीघ लागते. एकेका व्यापाऱ्याची तीन-चार बँकांत खाती, आणि प्रत्येक बँकेचे रकाने निराळे. एकीत काढलेल्या आणि भरलेल्या रकमेचे दोन रकाने, दुसरीत रकमेचा एकच रकाना आणि बाजूला `Dr` किंवा `Cr`, तिसरीत ताजा व्यवहार सर्वांत वर. वहीशी जुळवायला बसण्याआधी हे सगळं मी एकाच साच्यात आणते: तारीख, तपशील, संदर्भ क्रमांक, गेले, आले, शिल्लक. ‘नावे-जमा’ हे शब्द मी मुद्दाम टाळते, कारण बँकेकडची जमा आपल्या वहीत नावे पडते आणि नवीन मुलं तिथे हमखास गोंधळतात.

साचा नीट भरला की नाही, हे मी शिलकीच्या रकान्याला विचारते. मागच्या ओळीच्या शिलकीत आलेले मिळवा, गेलेले वजा करा. या ओळीची शिल्लक पैशापैशाने यायला हवी. ताजा व्यवहार वर असेल, तर आधी ओळी उलट्या लावून घ्यायच्या.

एका फाइलीत शिल्लक होती १,८४,२५०. पुढची ओळ १२,५०० ची. माझ्या हिशेबाने १,९६,७५० यायला हवे होते, बँक म्हणत होती १,७१,७५०. फरक २५,०००, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. दुप्पट फरक दिसला की मी थेट दिशा तपासते. इथे `Dr` वाचलंच गेलं नव्हतं आणि गेलेले पैसे आलेल्यांत पडले होते. फरक दुप्पट नसेल, तर बहुधा मधली एखादी ओळ गळालेली असते. एकच गळाली असेल, तर फरक तिच्याच रकमेएवढा येतो.

तारखेची चूक मात्र या बेरीज-वजाबाकीत सापडत नाही. कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल आणि सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली, तर ०३/०४/२०२४ म्हणजे आपला ३ एप्रिल तिथे ४ मार्च होतो. १३/०४/२०२४ ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर होऊन राहते. अशा वेळी रकाना नुसता डोळ्यांखालून घातला तरी कळतं: काही तारखा चौकटीच्या उजवीकडे, काही डावीकडे चिकटलेल्या. चेक नंबरांच्या सुरुवातीची शून्यंही तेव्हाच गेलेली असतात.

अशी बिघडलेली फाइल मी दुरुस्त करत बसत नाही. बँकेतून नव्याने उतरवून मागवते आणि सगळे रकाने मजकूर म्हणूनच आत घेते. शेवटच्या ओळीपर्यंत शिल्लक जुळल्याशिवाय आमच्याकडे कुठलीच फाइल जुळवणीच्या टेबलावर जात नाही.