२,७०० चा फरक

गेल्या रविवारी रात्री अकरावी कॉमर्सला असलेल्या माझ्या बहिणीने तेरजेची वही माझ्यापुढे ठेवली. "दादा, फक्त चेक कर." दोन्ही बाजूंची बेरीज १,४६,८५०. छान जुळलं होतं. पण भांडवलाच्या ५०,००० वर खोडाखोड करून ४७,३०० लिहिलं होतं.

"हे काय?"

"जुळत नव्हतं. उद्या बाई टोटल बघणार."

मी ओरडणार होतो, पण रिलीजच्या आदल्या रात्री फेल होणारी टेस्ट कमेंट करून ठेवणारा मीच. गप्प बसलो आणि भांडवल पुन्हा ५०,००० केलं. आता नावे १,४६,८५०, जमा १,४९,५५०. फरक २,७००.

खरं तर आधी बेरीज खालून वर पुन्हा करायची, मग २,७०० शिल्लक असलेलं एखादं खातं उतरवायचं राहिलंय का ते बघायचं. मी इंजिनिअर, त्यामुळे थेट नऊवर गेलो. दोन शेजारचे आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो: ८५ चे ५८ झाले की २७. इथे २,७०० ला भाग जातोय, आणि मजुरी खात्यात ५,८०० दिसतायत! खरी रक्कम ८,५०० असणार, मी खूश. बहिणीने खतावणी उघडली. मजुरी ५,८००च होती.

"बाई म्हणतात, निम्मं करून बघा."

२,७०० चे निम्मे १,३५०. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेली, तर एका बाजूला ती कमी पडते आणि दुसरीकडे तेवढीच वाढते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. १,३५० शोधायला दहा सेकंद लागले. 'सूट खाते', जमा बाजूला. पण ही सूट ग्राहकांना दिलेली होती, म्हणजे खर्च. तिची जागा नावे बाजूला. मिळालेली सूट असती तर जमा बरोबर होतं. हिने खात्याचं नाव नुसतं 'सूट' ठेवलं आणि नंतर स्वतःच फसली. (व्हेरिएबलला `temp` नाव देणाऱ्यांनी हसू नये.)

रक्कम हलवली. दोन्हीकडे १,४८,२००, पुस्तकाच्या मागच्या उत्तराइतकेच. ती वही मिटायला लागली, तेवढ्यात मला किर्दीतली एक नोंद दिसली: दुकानात वापरायला घेतलेलं ४,००० चं टेबल तिने खरेदी खात्यात टाकलं होतं. खरेदी म्हणजे विकायला आणलेला माल. टेबल फर्निचर खात्यात जायला हवं. दोन्ही खाती नावे बाजूचीच, त्यामुळे बेरजेला काहीच कळलं नव्हतं. पण नफा ४,००० ने कमी दिसला असता.

"म्हणजे जुळलं तरी चूक?"

"हो."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मोठ्ठा उसासा टाकला आणि किर्द पहिल्या नोंदीपासून वाचायला घेतली.