फिनलंडला दोन ओळी

निगडीहून फिनलंडच्या भागीदाराला मेल लिहायची, तर आधी आपलं 'आशा आहे आपण कुशल असाल' गिळावं लागतं. तिकडून येतं ते एवढंच: 'हेई, माल १४ ला निघेल का?' यात राग नसतो. फिनिश भाषेत 'प्लीज'ला स्वतंत्र शब्दच नाही. विनंती क्रियापदाच्या रूपातून होते, किंवा शेवटी 'कीतोस' म्हणजे धन्यवाद जोडून. तीच सवय त्यांच्या इंग्रजीतही उतरते.

मग आपलं छोटं उत्तर तुटक कसं वाटणार नाही? मी असं लिहितो: 'हेई' आणि पहिलं नाव. '१४ ला नाही, १८ ला निघेल. डाय दुरुस्तीला आहे, फोटो जोडलाय. १६ ला पुन्हा कळवतो. धन्यवाद.' नकार पहिल्याच वाक्यात, कारण एका ओळीत, आणि पुढची तारीख. जिव्हाळा त्या तारखेत असतो. आपलं 'बघतो, प्रयत्न करतो' तिकडे शब्दशः घेतलं जातं, आणि १४ ला ट्रक हलला नाही की उद्धट ठरतो तो गोड मेल. अर्थात १६ ला खरंच कळवायला हवं, नाहीतर सगळंच फुकट!

आणि हो, जुलैत उत्तर आलं नाही तर रुसू नका. तिकडे तेव्हा बहुतेक जण सुट्टीवर असतात.