कमी झालेले दोन किलो

वर्तकनगरची एक कॉलेजात शिकणारी मुलगी पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून आली. ऑनलाइन मागवलेल्या ‘हर्बल’ चहाने तीन आठवड्यांत दोन किलो उतरले होते. पाकिटावर सोनामुखी लिहिलेली होती. रक्तात पोटॅशियम ३.१ निघालं, किमान ३.५ हवं. मस्कतच्या आईला तिने पाठवलेला मेसेज तिच्या परवानगीने देतो.

“आई, तो चहा मी सोडला. त्यात सोनामुखी आहे, म्हणजे जुलाबाचं औषध. खाल्लेल्या अन्नाच्या बहुतेक कॅलरी लहान आतड्यातच शोषल्या जातात आणि सोनामुखी काम करते त्यापुढच्या मोठ्या आतड्यात. म्हणजे चरबी होती तिथेच, गेलं ते पाणी, आणि त्याबरोबर पोटॅशियम. म्हणून पायात गोळे यायचे. आता वजन पुन्हा वाढेल, पण ते पाणीच असेल. तुझ्यासाठी घेतलेली पाकिटं पाठवत नाही. तू बीपीसाठी लघवीची गोळी घेतेस, तिनेही पोटॅशियम उतरतं.”

शेवटची ओळ तुम्हीही लक्षात ठेवा. असा चहा घेताना अशक्तपणा आला किंवा छातीत धडधडलं, तर चहा थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. येताना पाकीट घेऊन या.