इन्सुलिनची शिदोरी

दूरच्या प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेण्याची आपली जुनी रीत आहे. मुलीकडे अमेरिकेला निघालो तेव्हा माझ्या शिदोरीत इन्सुलिनच्या कुप्या, सिरिंज आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

वाचकहो, ही शिदोरी ठेवावी कोठे? मी ती मोठ्या बॅगेत ठेवणार होतो, डॉक्टरांनी अडवले. ती बॅग विमानाच्या पोटात जाते. तेथे इन्सुलिन गोठण्याइतकी थंडी असू शकते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुढे वितळले तरी त्याचा भरवसा उरत नाही. कधी त्यात गुठळ्या दिसतात, कधी काहीच दिसत नाही. शिवाय बॅग हरवली, तर औषधही हरवते. म्हणून सारे औषध मी हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनासह घेतले. गारव्यासाठी ठेवलेल्या गोठवलेल्या जेलच्या पुडीचा कुप्यांना थेट स्पर्श होऊ नये, म्हणून मध्ये पंचाची घडी घातली.

डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत होते. त्यात पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे, आजार, प्रत्येक औषधाचे मूळ नाव व मात्रा, इन्सुलिनची तीव्रता, 'सुया सोबत असणे आवश्यक' हे वाक्य आणि सही-शिक्का होता. तपासणीच्या वेळी पिशवी यंत्रात जाण्यापूर्वीच मी सुयांविषयी सांगितले आणि पत्र पुढे केले. अधिकाऱ्याने पत्रातली नावे खोक्यांवरच्या नावांशी ताडून पाहिली आणि मला जाऊ दिले.

पत्रातल्या तीव्रतेच्या नोंदीचे मोल मात्र मला महिनाभराने कळले. माझ्या सिरिंज संपत आल्या, तेव्हा मुलीने तेथील दुकानातून नवे पाकीट आणले. सकाळची मात्रा २० युनिटची. सिरिंज हाती घेतली, तर टोपण लाल नव्हते, नारिंगी होते. मी थांबलो आणि पत्र काढले. माझ्या भारतीय कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट होते. नवी सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी आखलेली होती. तिच्या २० व्या रेषेपर्यंत भरले असते, तर शरीरात केवळ ८ युनिट गेले असते आणि साखर चढत राहिली असती. उलट चूक याहून भयंकर आहे. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० व्या रेषेपर्यंत भरले, तर ५० युनिट जातात. त्याने साखर इतकी उतरते की माणूस शुद्ध हरपतो, प्रसंगी प्राणासही मुकतो.

त्या दिवशी मी उरलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजनेच इंजेक्शन घेतले. आपण असा प्रवास कराल, तेव्हा कुपी आणि सिरिंज यांवरचे आकडे एकमेकांशेजारी धरून वाचा. मुक्कामाचे दिवस मोजून सिरिंज घ्या आणि वर थोड्या अधिक. कुपी आणि सिरिंज ही जोडी आहे. परमुलखात ती फुटू देऊ नका.