दूध, पाळी आणि थायरॉईड

9 जून
ओपीडी संपत आली तेव्हा 27 वर्षांची एक मुलगी सासूबाईंसोबत आली. लग्नाला चार वर्षं झाली, दिवस राहत नाहीत, पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. नवऱ्याची तपासणी नीट आहे. प्रोलॅक्टिन मात्र 64. त्या लॅबची वरची मर्यादा 25. दुसरीकडे ते उतरवायची गोळी लिहून मिळाली होती, आणि मेंदूत गाठ असू शकते, एमआरआय करा, असा सल्लाही. तेव्हापासून घरातल्यांची झोप उडाली आहे.

आधी लघवीची गर्भचाचणी केली, ती नकारार्थी आली. तपासताना स्तनातून दुधाचे थेंब आले. आवाज जाडसर, कातडी कोरडी, बद्धकोष्ठता. घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली, तर पाऊल झटकन हललं आणि अगदी सावकाश मागे आलं. हे सावकाश परतणं थायरॉईड मंदावल्याची खूण असते. जाड फाईल दोनदा चाळली. टीएसएच कुठेच नव्हती.

12 जून
टीएसएच 58, फ्री टी-फोर बरंच खाली. प्रोलॅक्टिन पुन्हा 61. या वेळी सकाळी उठल्यावर दोन तासांनी, शांत बसवून रक्त घेतलं होतं, कारण झोप आणि ताण या दोन्हींनी आकडा फुगतो.

सासूबाईंना कागदावर चित्र काढून सांगितलं. थायरॉईड कमी पडली, की मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग टीआरएच हे हार्मोन जास्त सोडतो. ते पिट्युटरीला टीएसएच वाढवायला लावतं, पण त्याच धक्क्याने पिट्युटरी प्रोलॅक्टिनही वाढवते. वाढलेलं प्रोलॅक्टिन बीजकोशांकडे जाणारे संदेश दाबतं. मग बीज वेळेवर पिकत नाही, पाळी लांबते आणि गर्भ राहत नाही. म्हणजे मूळ दुखणं गळ्यात आहे.

“मग मॅडम, गाठ नाही?” मुलीने विचारलं. खात्रीने तसं म्हणता येणार नाही, हे सांगितलं. पण डोकेदुखी नाही, नजर बाजूंनी कमी झालेली नाही, आणि आकडा मोठ्या गाठीचा वाटत नाही. तिथे तो सहसा 200 च्या पुढे असतो. शिवाय थायरॉईड फार काळ मंद राहिली तर पिट्युटरी स्वतःच सुजते. एमआरआयमध्ये ती सूज गाठीसारखी दिसू शकते आणि थायरॉक्सिन सुरू केल्यावर ओसरते. आज एमआरआय केला असता तर नको ती भीती कायमची फाईलला चिकटली असती.

वजन 62 किलो, म्हणून थायरॉक्सिन 100 मायक्रोग्रॅम. उठल्या उठल्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर, नाहीतर त्या थायरॉक्सिन शोषू देत नाहीत. प्रोलॅक्टिनची गोळी तूर्त सुरूच करायची नाही.

20 जून
एका शिक्षिकेचं प्रोलॅक्टिन 85, टीएसएच मात्र अगदी नीट. कसल्या गोळ्या घेता, असं विचारलं तर “काहीच नाही.” पर्स रिकामी करायला लावली, तेव्हा पित्ताच्या कॅप्सूलची पट्टी निघाली. त्यात डॉम्पेरिडोन. दुकानातून आणून कित्येक महिने रोज घेत होत्या. पित्ताची गोळी लोक औषधात धरतच नाहीत. ती बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण ती अशी परस्पर थांबवता येत नाहीत. आधी त्या डॉक्टरांशी बोलावं लागतं.

6 ऑगस्ट
पहिली मुलगी आली. टीएसएच 7.9, प्रोलॅक्टिन 31. दूध थांबलंय. या वेळी पाळी 38 दिवसांनी आली. गर्भ हवा असताना टीएसएच अडीचच्या खाली असलेली बरी, म्हणून गोळी 112 केली. आकडा स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी तपासून उपयोग नाही, हे तिला बजावलं. शेजारणीचं ऐकून ती दर पंधरवड्याला लॅबमध्ये जायला निघाली होती.

1 ऑक्टोबर
टीएसएच 2.1, प्रोलॅक्टिन 17. पाळी 31 दिवसांवर आली. एमआरआयची गरज उरली नाही. प्रोलॅक्टिन वरच राहिलं असतं, तर मात्र तो मीच करायला सांगितला असता.

17 डिसेंबर
पाळी आठ दिवस चुकली. घरीच चाचणी केली, दोन रेघा. फोनवर तिला आधी एकच सांगितलं: आजपासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे आठवड्यातले कोणतेही दोन दिवस दोन-दोन. उद्या टीएसएच, मग दर चार आठवड्यांनी. पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नाही, ते आईच्याच हार्मोनवर वाढतं. म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्या कुणाचीही पाळी चुकली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.