टिपणे: कर्सर थांबला की अक्षर उमटते

राहुरी तालुक्यातल्या एका तरुणाच्या मानेच्या मणक्याला मार बसला आहे. बोटे वळत नाहीत, पण उजवा तळहात माऊसवर ठेवून खांद्याच्या जोरावर तो कर्सर हलवतो. क्लिक जमत नाही. गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देणे हे त्याचे काम. विंडोजमधला कीबोर्ड स्क्रीनवर आणायला `Win + Ctrl + O`, मग त्याच्याच `Options` मध्ये `Hover over keys`. आता कर्सर कळेवर ठरलेला वेळ थांबला की अक्षर उमटते. यालाच ड्वेल क्लिक म्हणतात.

·

प्रत्येक अर्जात जिल्ह्याचे नाव येतेच. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘अहमदनगर’ला आठ थांबे लागत: सात अक्षरे आणि ‘अ’साठी शिफ्ट. 2024मध्ये नाव बदलले. ‘अहिल्यानगर’ला शिफ्ट, अ, ह, ि, ल, ्, य, ा, न, ग, र असे अकरा थांबे लागतात. जोडाक्षरात हलन्ताचा थांबा वेगळा, काना-वेलांटीचा वेगळा. कळेवर एक सेकंद आणि पोचायला साधारण तेवढाच वेळ धरला, तर एका शब्दाला बावीस सेकंद झाले. धडधाकट हाताला हा फरक जाणवतही नाही.

·

थांबण्याचा वेळ किती ठेवायचा, हे चुकाच सांगतात. त्याच्या दोन चुका मी शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत. एकदा ‘अहिल्यामगर’ उमटले. ‘म’ची कळ ‘न’ला लागून आहे, म्हणजे नेम थोडा हुकला. इथे वेळ वाढवून उपयोग नाही, कळा मोठ्या करायला हव्यात. कीबोर्डची खिडकी कोपऱ्याला धरून ओढली, आकड्यांचा भाग बंद ठेवला की कळा रुंद होतात. दुसऱ्यांदा ‘ा’नंतर ठिपक्यांच्या गोलासकट एक ‘ि’ आली. ती कळ ‘ा’वरून ‘न’कडे जाताना वाटेत लागते. कर्सर तिथे जरा रेंगाळला आणि अक्षर पडले. अशी वाटेतली अक्षरे येऊ लागली, तर वेळ कमी पडतोय हे समजावे.

·

वेळ फार कमी करण्याचा मोह होतो, पण एका चुकीचे तीन थांबे होतात: चुकलेले अक्षर, बॅकस्पेस आणि बरोबर अक्षर. दहा अक्षरांत एखादी चूक होत असेल, तर अर्धा सेकंद वाचवून मिळवलेले बरेचसे त्यातच जाते. म्हणून सेकंदापासून सुरुवात करावी. आठवडाभर वाटेतली अक्षरे आली नाहीत, तरच थोडे खाली यावे.

·

“दादा, वाचताना कर्सर ठेवू कुठे?” त्याने विचारले. प्रश्न अगदी नेमका आहे. हा कीबोर्ड फक्त स्वतःच्या कळांवर थांबा मोजतो, त्यामुळे कर्सर कीबोर्डबाहेर रिकाम्या जागी नेला की काही होत नाही. पण त्याच कारणाने फाईल उघडणे, मेनू निवडणे हे या कीबोर्डने होत नाही. त्यासाठी सगळ्या स्क्रीनवर चालणारे वेगळे ड्वेल क्लिक लागते आणि ते घेताना थांबवायचे बटण आहे ना, हे आधी पाहावे. नाहीतर विचार करायला थांबलो की भलतेच काही उघडते.

·

शब्दसूचनेबद्दल. विंडोजच्या या कीबोर्डात `Use Text Prediction` आहे, पण ती सोय इंग्रजी, फ्रेंच अशा मोजक्या भाषांना. मराठी त्यात नाही. फोनवरच्या जीबोर्डात मराठी सूचना मिळतात. पण सूचना वाचायलाही वेळ लागतो. हाइडी कोस्टर आणि सायमन लेव्हिन यांनी 1990च्या दशकात मणक्याला इजा झालेल्यांवर हे तपासले. कळा कमी दाबाव्या लागल्या, तरी यादी शोधण्यात वेळ गेल्याने लिहिण्याचा वेग उलट घटला. म्हणून प्रत्येक अक्षरानंतर यादीकडे पाहू नये. लांब शब्द असेल, तर दोन-तीन अक्षरे झाल्यावर एकदाच पाहावे.

·

संगणकावर आम्ही वर्डमधल्या ऑटोकरेक्टचा आधार घेतला. ‘हनग’ हा मराठीत शब्द नाही, म्हणून तो जिल्ह्याच्या नावासाठी ठेवला. तीन अक्षरे आणि स्पेस अशा चार थांब्यांत ‘अहिल्यानगर’ येते; एरवी स्पेससह बारा लागले असते. अडचण प्रत्ययांची. ‘अहिल्यानगरला’ लिहायचे तर मधली स्पेस आधी पुसावी लागते. तो एक थांबा धरूनही बचत उरतेच.

·

आता त्याच्या यादीत ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘ग्रामपंचायत’, ‘अर्जदार’ हे शब्दही गेले आहेत. कोणते शब्द घ्यायचे, हे त्याने जुने अर्ज चाळून ठरवले: जो शब्द लांब आहे आणि प्रत्येक अर्जात येतो, तो आधी. ‘तलाठी’ त्याने मुद्दाम ठेवला नाही. पाच-सहा थांब्यांचा शब्द, त्याचे संक्षिप्त रूप आठवण्यापेक्षा लिहिणे सोपे.