ठिपक्यांचा जमाखर्च

वाशीम-पुसद रस्त्यावरील अनसिंग गावी मी गणित शिकवीत असता ज्या घरी माझे बिऱ्हाड होते, तेथील आजी भल्या पहाटे सडा घालून उंबऱ्यापुढे रांगोळी काढीत. आणि चिमटीतून निघणारी ती पांढरी रेघ कोठे तुटते व कोठे पुन्हा सुरू होते, हे शाळेला निघण्यापूर्वी न्याहाळण्याचा मला छंद जडला होता. रेघ जेथे नव्याने सुरू होते तेथे पुडीचा किंचित जाड ठिपका पडतो, आणि आजींना तो मुळीच खपत नसे. एकदा स्वस्तिक काढता काढता त्या म्हणाल्या, "मास्तर, याले एकदा तं हात उचलाच लागते."

आजींनी अनुभवाने जाणलेल्या या गोष्टीची कैफियत द्यायची, तर प्रत्येक ठिपक्याचे एक खाते मांडावे. त्या ठिपक्याशी येणारी रेघ जमा, निघणारी रेघ खर्च. मधून जाणारा हात जितक्या वेळा येतो तितक्याच वेळा निघतो, म्हणून मधल्या ठिपक्याला मिळणाऱ्या रेघांची संख्या (आलेखशास्त्रात हिलाच शिरोबिंदूची डिग्री म्हणतात) सम असलीच पाहिजे. विषम राहू शकते ती केवळ आरंभाच्या आणि शेवटाच्या ठिपक्याची. स्वस्तिकाच्या मध्याला चार रेघा मिळतात, चारही कोपरांना दोन-दोन, परंतु चार टोकांना एकेकच. विषम खाती चार, आणि एका दमाच्या रेषेत विषम खाती मावतात फार तर दोन. म्हणून स्वस्तिकाला दोन दम लागतातच. प्रशियातील क्योनिग्जबर्ग शहराच्या सात पुलांवरून, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल काय, या प्रश्नाचा ऑयलरने 1736 साली जो निकाल लावला, तो याच हिशेबाने: तेथील चार भूभागांना अनुक्रमे पाच, तीन, तीन आणि तीन पूल मिळत होते, म्हणजे चारही खाती विषम.

वर्गात मी मुलांना नऊ ठिपक्यांची खिडकी काढावयास देई. तीन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके, आणि शेजारचे ठिपके आडव्या-उभ्या रेघांनी जोडलेले. एकंदर रेघा बारा. ठिपक्यांना नावे मी दिशांचीच ठेवी. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य आणि वायव्य या कोपऱ्यांना दोन-दोन रेघा, मध्याला चार. परंतु पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर यांना तीन-तीन, म्हणून येथेही दोन दम. उत्तर आणि पश्चिम एका तिरक्या रेघेने जोडली की पूर्व आणि दक्षिण एवढीच विषम उरतात, आणि एकीपासून निघून दुसरीपाशी थांबणारी अखंड रेषा निघते. तशीच पूर्व-दक्षिणही जोडली की चौदा रेघांची ती आकृती सर्वस्वी सम होते आणि रेषा जेथून निघाली तेथेच परत यावी.

पण "यावी" म्हणणे सोपे. वायव्येपासून निघालेला मुलगा बाहेरच्या चौकटीने उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम असा फिरून पुन्हा वायव्येला पोहोचे. तेथल्या दोन्ही रेघा संपलेल्या, आत सहा रेघा शिल्लक, आणि चेहऱ्यावर मास्तरांचा नियम खोटा ठरल्याचा आनंद! वास्तविक त्या सहा रेघांतही प्रत्येक ठिपक्याचे खाते समच असते. चाललेल्या मार्गावरचा एखादा ठिपका, समजा उत्तर, निवडून तेथून पश्चिम, मध्य, दक्षिण, पूर्व, मध्य आणि पुन्हा उत्तर असे दुसरे वेटोळे काढावे, आणि पहिल्या वेटोळ्यात उत्तरेला पोहोचताच ते मध्येच गुंफून मग ईशान्येकडे निघावे. अखंड मार्ग सिद्ध होतो. ऑयलरने सम खाती असल्यास मार्ग असतोच असे सांगितले खरे, पण त्याची रीतसर सिद्धता दिली नव्हती. ती हीरहोल्झर या जर्मन गणितज्ञाच्या मृत्यूनंतर 1873 साली प्रसिद्ध झाली, आणि तिचे मर्म हे वेटोळ्यात वेटोळे गुंफणेच होय. मात्र उरलेल्या रेघा चाललेल्या मार्गाला कोठेतरी टेकलेल्या हव्यात. खिडकीभोवती तिला न शिवणारी एक निराळी चौकट काढली, तर सगळी खाती सम असूनही हात उचलण्यावाचून गत्यंतर नाही.

एका सुट्टीच्या दिवशी ती चौदा रेघांची खिडकी मी आजींच्या अंगणात, खडूने का होईना, एका दमात काढून दाखविली. त्यांनी कौतुकाने पाहिली, मग पदर खोचून खाली बसल्या आणि दोन्ही तिरक्या रेघा बोटाने पुसून टाकीत म्हणाल्या, "खिडकीले असे गज नसतात, मास्तर. मी हातच उचलतो."